ओढायचा थांबला की ओढायला थांबला?

‘माय फादर स्टॉप्ड टू स्मोक आफ्टर हिज ऑपरेशन.’

नववीतल्या एका मुलानं ‘माझे वडील’ या विषयावरच्या इंग्रजी निबंधात हे वाक्य लिहिलं. ऑपरेशननंतर वडिलांनी सिगारेट सोडली, हे त्याला सांगायचं होतं आणि सांगताना त्याला अभिमान वाटत होता. पुढच्याच ओळीत ‘नाऊ वुई आर हॅपी’ असं आहे. पण कागदावर उतरलेल्या इंग्रजी वाक्याचा अर्थ वेगळा होतो. ऑपरेशन झाल्यावर वडील कुठंतरी थांबले आणि ते सिगारेट ओढण्यासाठी थांबले, असं ते वाक्य म्हणतं.

हा निबंध आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या दोन शिक्षकांपुढे आला. सर निवृत्तीला आलेले, बाई त्यांच्या निम्म्या वयाच्या. मी याच शाळेत मराठी शिकवतो. त्या दोघांचं बोलणं मी मुद्दाम टिपून ठेवलं, कारण वाक्य इंग्रजी असलं तरी चुकीचं मूळ मराठीत होतं, आणि ते सापडायला बराच वेळ लागला.

सर: यात चर्चा कसली, बाई? ‘स्टॉप’नंतर क्रियापदाला आयएनजी. स्टॉप स्मोकिंग, स्टॉप टॉकिंग, स्टॉप रनिंग. मी तीस-पस्तीस वर्षं हेच पाठ करून घेतोय. मुलानं नियम मोडला, लाल रेघ मारायची आणि पुढचा पेपर घ्यायचा.

बाई: पण सर, हा नियम पुरा नाही. याच मुलानं खाली काय लिहिलंय बघा. ‘अर्लिअर, ऑन हिज वे होम, ही ऑफन स्टॉप्ड टू स्मोक निअर द बस स्टँड.’ पूर्वी घरी येताना वडील बस स्टँडजवळ सिगारेट ओढायला थांबायचे. या वाक्यात काही चूक आहे?

सर: नाही. हे बरोबर आहे.

बाई: तुमचा नियम लावला तर याच्यावरही लाल रेघ यायला हवी. ‘स्टॉप’ आहे आणि पुढे आयएनजी नाही. मुलाला आपण सांगितलं की ‘स्टॉप’नंतर नेहमी आयएनजी, तर तो हे बरोबर वाक्यही बदलून ‘ही ऑफन स्टॉप्ड स्मोकिंग निअर द बस स्टँड’ करेल. मग वडील बस स्टँडजवळ वारंवार सिगारेट सोडत होते, असा अर्थ होईल.

सर: होईल खरा. पण नववीच्या मुलाला दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या की तो गोंधळतो, हा माझा अनुभव आहे. जी रचना जास्त लागते ती पक्की करायची. निबंधात, पत्रात, परीक्षेच्या प्रश्नात ‘स्टॉप’ येतो तो बहुतेक वेळा सोडणं, बंद करणं याच अर्थानं. दुसरी रचना तो पुढे वाचनातून शिकेल.

बाई: मी म्हणते, नियम सांगण्याआधी प्रश्न विचारायला शिकवूया. ‘स्टॉप’ दिसला की विचारायचं, काय थांबलं? आणि दुसरा प्रश्न, कशासाठी थांबला? ‘व्हॉट डिड ही स्टॉप?’ याचं उत्तर जर ‘स्मोकिंग’ असेल, तर ‘स्मोकिंग’ हे त्या ‘स्टॉप’चं कर्म आहे. ‘व्हाय डिड ही स्टॉप?’ याचं उत्तर ‘टू स्मोक’ असेल, तर ते कर्म नाही, तो हेतू आहे. मुलाच्या पहिल्या वाक्यात वडिलांनी काय थांबवलं? सिगारेट ओढणं. म्हणजे ‘स्मोकिंग’. दुसऱ्या वाक्यात ते बस स्टँडजवळ कशासाठी थांबले? सिगारेट ओढायला. म्हणजे ‘टू स्मोक’.

सर: रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात हेच दोन वेगळ्या प्रकरणांत आहे. नामासारखं वागणारं ‘स्मोकिंग’, त्याला जेरंड म्हणतात. आणि हेतू सांगणारं ‘टू स्मोक’, तो इन्फिनिटिव्हचा एक उपयोग. पण ती नावं मुलांना सांगून उपयोग नाही.

बाई: नावं नकोतच. तपासायची युक्ती हवी. ‘टू’च्या जागी ‘इन ऑर्डर टू’ ठेवून बघायचं. ‘ही स्टॉप्ड इन ऑर्डर टू स्मोक निअर द बस स्टँड’, छान बसतं. ‘माय फादर स्टॉप्ड इन ऑर्डर टू स्मोक आफ्टर हिज ऑपरेशन’, हे वाचल्याबरोबर मुलालाच कळेल की आपल्याला हे म्हणायचं नव्हतं.

सर: ही युक्ती चांगली आहे, मान्य. मी दुसरी सांगतो. ‘स्टॉप’च्या पुढचं सगळं झाकून टाका. ‘ऑन हिज वे होम ही ऑफन स्टॉप्ड’, एवढंही पुरं वाक्य आहे. माणूस चालता चालता थांबला. ‘टू स्मोक’ ही वरची भर आहे, काढली तरी मूळ गोष्ट तशीच राहते. आता ‘माय फादर स्टॉप्ड स्मोकिंग’मधलं ‘स्मोकिंग’ झाकलं तर वडील नुसतेच थांबले. ज्या गोष्टीसाठी वाक्य लिहिलं तीच गेली.

इथं मला वाटलं होतं की वाद मिटला. दोघंही एकाच निष्कर्षाला आले होते. पण सरांनी पुढचा प्रश्न काढला आणि तो मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटला.

सर: एक सांगा बाई. ही चूक मुलं इतकी का करतात? बंगाल्याची किंवा तमिळ मुलाची गोष्ट मला माहीत नाही. पण आपल्या मुलांच्या दर वर्षीच्या वह्यांत मला हेच दिसतं. ‘स्टॉप टू टॉक’, ‘स्टॉप टू मेक नॉइज’. ‘स्टॉप टॉकिंग’ तर ती वर्गात रोज आमच्या तोंडून ऐकतात. तरी लिहिताना ‘टू’ कुठून येतो?

बाई: आपणच तो दिलेला आहे. पाचवी-सहावीत क्रियापदांचे तक्ते पाठ करून घेतो. ‘टू गो’ म्हणजे जाणे, ‘टू ईट’ म्हणजे खाणे, तसं ‘टू स्मोक’ म्हणजे ओढणे. मुलाच्या डोक्यात मराठी वाक्य आहे, ‘वडिलांनी सिगारेट ओढणे बंद केले.’ तो एकेक शब्द उचलतो. बंद केले, ‘स्टॉप्ड’. ओढणे, ‘टू स्मोक’. त्यानं तक्त्याप्रमाणे अगदी नेमकं काम केलं.

सर: आणि आयएनजी का नाही उचलत?

बाई: कारण आयएनजी आपण चालू काळासाठी राखून ठेवला. ‘ही इज स्मोकिंग’, तो ओढत आहे. म्हणजे मुलाच्या लेखी ‘स्मोकिंग’चा मराठी अर्थ ‘ओढत’. आता ‘स्टॉप्ड स्मोकिंग’ त्याला कसं वाचता येईल? ‘ओढत थांबला.’ आणि मराठीत ‘तो सिगारेट ओढत थांबला’ याचा अर्थ काय होतो सर?

सर: सिगारेट ओढत ओढत कुणाची तरी वाट बघत उभा राहिला.

बाई: म्हणजे सिगारेट चालूच! मुलाला सांगायचंय की सिगारेट सुटली. मग तो आयएनजी कशाला लावेल? ‘ओढत’ला इंग्रजीत ‘ही स्टूड देअर स्मोकिंग’ असं काहीतरी म्हणतात, ती वेगळीच रचना. पण ‘स्मोकिंग’ म्हणजे ‘ओढणं’सुद्धा होतं, हे आपण त्याला कधी सांगितलेलंच नाही.

मला हे पटलं. आमच्याकडे एक पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली, पुढच्या पिढ्या तक्त्यांवर. मराठी शब्दासमोर एकच इंग्रजी रूप मांडलं की मूल ते इमानदारीनं जागच्या जागी वापरतं. ‘ओढणे’ हे मराठीत क्रियापदाचं कोशातलं रूपही आहे आणि नामही आहे. इंग्रजीत या दोन कामांसाठी दोन रूपं आहेत. कोशातल्या कामाला ‘टू’ लावायची रीत पडली, नामाच्या कामाला आयएनजी लागतो, आणि ‘स्टॉप’ला कर्म म्हणून नामच हवं असतं.

मग मी एक गोष्ट मांडली. माझ्या विषयातली असल्यामुळे ती मला आधी दिसली, एवढंच. मराठीत ‘ओढत थांबला’खेरीज आणखी दोन रूपं आहेत. ‘तो सिगारेट ओढायचा थांबला’ आणि ‘तो सिगारेट ओढायला थांबला.’ पहिल्यात सिगारेट बंद झाली, दुसऱ्यात पेटली. दोन वाक्यांत फरक एका प्रत्ययाचा, चा आणि ला. कुठल्याही मराठी मुलाला हा फरक न शिकवता कळतो. ‘बाळ रडायचं थांबलं’ आणि ‘बाळ रडायला थांबलं’ यात दुसरं वाक्य ऐकून तो हसेल. म्हणजे इंग्रजीतला जो भेद आपण नियमानं घोकून घेतो, तो त्याच्या कानात आधीपासून आहे.

बाई: मग तेच वापरूया! ‘स्टॉप’चं वाक्य लिहिण्याआधी मुलानं मनात मराठी वाक्य म्हणायचं, पण ‘ओढणे बंद केले’ असं पुस्तकी नाही. ‘थांबला’ लावून म्हणायचं. ‘ओढायचा थांबला’ असं येत असेल तर आयएनजी. ‘ओढायला थांबला’ असं येत असेल तर ‘टू’. चा असेल तर ‘स्मोकिंग’, ला असेल तर ‘टू स्मोक’.

सर: थांबा. मला हे धोक्याचं वाटतं. इंग्रजी मराठीवरून शिकवल्यामुळेच चूक झाली, हे तुम्ही आत्ताच दाखवलंत. आता पुन्हा मराठीवरूनच औषध देताय. मुलानं इंग्रजी वाक्य इंग्रजीतूनच ओळखायला हवं. ऐकून, वाचून. ए. एस. हॉर्नबी यांनी परकीय विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी क्रियापदांचे साचे मांडले, 1954 साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते कशासाठी? प्रत्येक क्रियापदाबरोबर त्याचा साचा शिकायचा. ‘स्टॉप’ शब्द शिकला की ‘स्टॉप डूइंग’ असाच शिकायचा, सुटा नाही. म्हणजे भाषांतराची गरजच पडत नाही.

बाई: साचा शिकावाच. पण मूल निबंध लिहिताना मराठीतून विचार करतं, ते आपण बंद करू शकत नाही. ते करणारच असेल तर बरोबर ठिकाणाहून करू दे. आणि हा प्रत्ययाचा मेळ योगायोगानं बसलेला नाही सर. इन्फिनिटिव्हमधला ‘टू’ आणि ‘टू द स्टेशन’मधला ‘टू’ मुळात एकच. जुन्या इंग्रजीत ‘टू’नंतर येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला चतुर्थीचा प्रत्यय लागलेला असे.

इथं मला पुन्हा राहवलं नाही. मराठीतला ‘ला’सुद्धा चतुर्थीचाच आहे. जुन्या गद्यात ‘ओढावयास’, ‘बोलावयास’ अशी रूपं भेटतात, त्यातला ‘स’ म्हणजे आपण शाळेत घोकलेल्या ‘स ला ते’मधला. ‘ओढावयास’चं बोलीत ‘ओढायला’ झालं. ‘ओढायचा’मध्ये षष्ठीचा ‘चा’ आहे. चतुर्थी ज्याच्यासाठी, ज्याच्याकडे जायचं ते दाखवते. सिगारेट ओढायला थांबलेल्या माणसाची सिगारेट अजून पुढे आहे, तो तिच्याकडे निघालाय. दोन वेगळ्या भाषांनी हेतू दाखवायला सारखीच विभक्ती वापरली, म्हणून हा ताळा बसतो.

सर: हे ऐकायला सुंदर आहे. पण मी उदाहरणं देतो, बघा टिकतं का. पहिलं. ‘माझे वडील पूर्वी सिगारेट ओढायचे.’ इथं चा-ची-चे आहे. तुमच्या नियमानं आयएनजी यायला हवा. इंग्रजी काय? ‘माय फादर यूज्ड टू स्मोक.’ चक्क ‘टू’.

बाई: ते खरं. पण तिथं ‘थांबला’ नाही. ‘ओढायचे’ हा तिथं रीतिभूतकाळ आहे, पूर्वीची सवय. ताळा फक्त ‘थांबला’ शेजारी असतानाच लावायचा.

सर: बरं, दुसरं. ‘वडिलांना सिगारेट ओढायला आवडायचं.’ इथं ला आहे. मूल ‘टू’ लावेल आणि ‘ही एन्जॉइड टू स्मोक’ लिहील. ते साफ चूक. ‘एन्जॉइड स्मोकिंग’च हवं.

बाई: हो. ‘ओढायला आवडतं’मधला ‘ला’ हेतूचा नाही. म्हणून मी म्हणते की हा ताळा ‘स्टॉप’पुरताच सांगायचा, आणि फळ्यावर तसं स्पष्ट लिहायचं. सगळ्या क्रियापदांची किल्ली म्हणून दिला तर नव्या चुका होतील. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’ यांना तुमचे साचेच लागतील.

सर: हे तुम्ही मोकळेपणानं मान्य केलंत, बरं वाटलं. आता तिसरं, आणि हे जरा खोल आहे. ‘सीज’ या क्रियापदाचा अर्थही थांबणं, बंद होणं असाच. पण इंग्रजीत ‘ही सीज्ड टू स्मोक’ चालतं, आणि त्याचा अर्थ त्यानं ओढणं बंद केलं असाच होतो. ‘टू’ म्हणजे पुढचा हेतू असेल तर इथं तो हेतू कुठं गेला?

बाईंनी यावर थोडा वेळ घेतला. मला ही शंका फार योग्य वाटली, कारण ‘स्टॉप टू स्मोक’ का चुकतं याचं उत्तर अर्थात आहे की त्या क्रियापदाच्या स्वभावात, हे इथंच ठरतं.

बाई: ‘ही सीज्ड निअर द बस स्टँड’ असं म्हणता येईल का सर? चालता माणूस उभा राहिला, या अर्थानं?

सर: नाही. ‘सीज’ पायांनी थांबायला वापरत नाहीत.

बाई: मग तेच उत्तर आहे. ‘स्टॉप’ एकटा उभा राहू शकतो. माणूस थांबला, बस थांबली, आणि मग कशासाठी हे ‘टू’नं जोडता येतं. म्हणून ‘स्टॉप’नंतरचा ‘टू’ ऐकला की ऐकणारा लगेच हेतूच समजतो. ‘सीज’ला ती सोयच नाही. माणूस सीज होऊन उभा राहत नाही, त्यामुळे ‘सीज टू’मध्ये हेतूला जागा नाही आणि ‘टू स्मोक’ थेट त्याची पूर्ती करतो. म्हणजे अडचण ‘टू’ची नाही. ‘स्टॉप’ दुहेरी आहे, ही अडचण आहे.

सर: आणि मराठीत तो दुहेरी नाही.

बाई: पुष्कळदा नाही. आपल्याकडे थांबणं आणि थांबवणं असे दोन शब्द आहेत. ‘त्यानं ओढणं थांबवलं’ म्हटलं की ‘टू’ची शक्यताच उरत नाही. इंग्रजी ‘स्टॉप’ दोन्ही कामं एकाच रूपात करतं, म्हणून भेद पुढच्या शब्दावर टाकावा लागतो.

सरांनी मग पेपर पुन्हा जवळ ओढला आणि निबंधातलं आणखी एक वाक्य वाचून दाखवलं. ‘द डॉक्टर टोल्ड हिम टू स्टॉप टू स्मोक.’ त्यांच्या मते इथं चुकीचं कारण आणखी वेगळं होतं. पहिला ‘टू’ बरोबर आहे, कारण ‘टोल्ड हिम’नंतर तो लागतोच. एकदा ‘टू’ची लय हातात बसली की पुढच्या क्रियापदालाही तो लागतो. त्यांनी मुलांच्या वह्यांत ‘वॉन्ट टू स्टॉप टू’, ‘ट्राय टू स्टॉप टू’ अशा जोड्या नेहमी पाहिल्या होत्या. बरोबर वाक्य ‘द डॉक्टर टोल्ड हिम टू स्टॉप स्मोकिंग.’ ‘टू’ एकदाच, ‘स्टॉप’च्या आधी. हे मला उपयोगी वाटलं, कारण सवय सोडण्याविषयीची बरीच वाक्यं याच घडणीची असतात. सोडायचं ठरवलं, सोडायचा प्रयत्न केला, सोडायला सांगितलं.

सर: तरी एक म्हणतो. लोकांना अर्थ कळतोच ना? ऑपरेशननंतर कुणी सिगारेट ओढायला थांबल्याचं अभिमानानं लिहिणार नाही, एवढं वाचणाऱ्याला समजतं. पुढे ‘नाऊ वुई आर हॅपी’ आहे. मग मी त्याचा अर्धाच मार्क कापतो.

बाई: तुम्ही अर्धा मार्क सोडायला तयार झालात, हे मी पहिल्यांदाच पाहते! निबंधात संदर्भ सांभाळून घेतो, खरं आहे. ‘टू इयर्स अगो’, ‘फॉर गुड’, ‘आफ्टर हिज ऑपरेशन’ अशी वेळ शेजारी असली की सवयीबद्दल बोलणं चाललंय हे कळतं. ‘निअर द बस स्टँड’, ‘फॉर फाइव्ह मिनिट्स’ असं असलं की तात्पुरतं थांबणं. पण सगळीकडे संदर्भ नसतो. समजा दवाखान्यातल्या फॉर्मवर एकच प्रश्न आहे, ‘डिड यू स्टॉप टू स्मोक?’ आणि पुढे हो-नाहीच्या चौकटी. ज्यानं सिगारेट सोडलीय तो विचारणाऱ्याचा मनातला हेतू ओळखून ‘हो’वर खूण करेल. ज्याला इंग्रजी नीट येतं तो शब्द जसे आहेत तसे वाचून ‘नाही’वर खूण करेल, कारण तो ओढायला कुठं थांबलेला नाही. दोघांनीही सिगारेट सोडलेली, आणि उत्तरं उलटी. फॉर्म वाचणाऱ्याला ते कधीच कळणार नाही.

सर: मग फॉर्मवर ‘स्टॉप’ कशाला? ‘क्विट’ लिहा, ‘गिव्ह अप’ लिहा. सवय सोडण्यासाठी तेच नेमके शब्द आहेत. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग.’ तिथं कुणी थांबून ओढण्याचा अर्थ काढूच शकत नाही.

बाई: हे मात्र मला पटलं, आणि हे मी शिकवत नव्हते. ‘स्टॉप स्मोकिंग’लाही एक मर्यादा आहे. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग व्हेन आय केम इन’, मी आत आले तेव्हा त्यानं हातातली सिगारेट थांबवली. सवय सुटली नाही. आयएनजी बरोबर आहे, तरी एका सिगारेटबद्दल बोलतोय की आयुष्यभराच्या सवयीबद्दल, हे ‘स्टॉप’ सांगत नाही. आपण ‘सिगारेट विझवली’ आणि ‘सिगारेट सोडली’ असे वेगळे शब्द वापरतो, तसं इंग्रजीत ‘गिव्ह अप’ किंवा ‘क्विट’ वापरलं की सवयीचाच अर्थ राहतो.

सर: आणि दोघांपुढेही आयएनजीच. ‘गिव्ह अप टू स्मोक’ कधीच नाही. म्हणजे माझा साचा शेवटी लागलाच.

बाई: लागला. सोडण्याच्या शब्दांना साचा, आणि एकट्या ‘स्टॉप’ला प्रश्न. मला एवढीच वाटणी हवी होती.

सर: मला मात्र अजून चा-ला वर्गात बोलायला जड जाईल. मी इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

बाई: तुम्ही बोलू नका सर, फळ्यावर लिहा.

मला स्वतःला बाईंची बाजू जास्त पटते, पण सरांच्या आक्षेपांनी ती पुष्कळ घोटून निघाली. ‘यूज्ड टू’ आणि ‘एन्जॉय’ ही दोन उदाहरणं त्यांनी काढली नसती, तर चा-ला हा सगळीकडे लावायचा मंत्र म्हणून वर्गात गेला असता आणि मुलांनी आणखी चुका केल्या असत्या. शिवाय आमच्या मुलांच्या घरात बिडी-सिगारेटपेक्षा तंबाखू आणि मिश्रीच जास्त आहे. म्हणून सरावाची वाक्यं ‘स्मोक’वर न थांबता ‘च्यू’वरही घ्यावीत, असं आमच्या तिघांच्याही मनात आलं. ‘आजोबा तंबाखू खायचे थांबले’, ‘आजोबा पारावर तंबाखू मळायला थांबले.’ पहिल्याचं ‘ग्रँडफादर स्टॉप्ड च्युइंग टोबॅको’ होतं. दुसऱ्यात मळण्याला इंग्रजी शब्द मुलाला सापडला नाही तरी चालेल, ‘स्टॉप्ड टू’ एवढं बरोबर आलं पाहिजे.

निघता निघता सरांनी एक वाक्य मागितलं, ज्यात दोन्ही रूपं एकदम असतील. दोन्ही जागा एकाच वाक्यात भरून आल्या तर त्या वेगळ्या आहेत हे मुलाला एका नजरेत दिसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘तो बोलायचा थांबला, सिगारेट पेटवायला.’ सरांनी खाली लिहिलं, ‘ही स्टॉप्ड टॉकिंग टू लाइट अ सिगारेट.’ मग त्यांनी ‘टॉकिंग’खाली रेघ मारून शेजारी ‘काय?’ लिहिलं, ‘टू लाइट’खाली रेघ मारून ‘कशासाठी?’ लिहिलं, आणि दोन्ही शब्द मराठीत लिहिले.